गणपुल्यांचे सात हजार तीनशे पंचेचाळीस

पगारदार माणसाच्या पगाराचे आकडे दोन असतात. एक लग्न ठरवताना सांगायचा आणि दुसरा लग्नानंतर पासबुकात सापडणारा. या दोन आकड्यांच्या मधल्या प्रदेशाला पगारपत्रकात ‘कपाती’ म्हणतात. तिथे भविष्य निर्वाह निधी असतो. त्याच्याबद्दल फारशी कुणाची तक्रार नसते, कारण म्हातारपणी तो परत भेटणार असतो. तिथे व्यवसाय कर असतो. महाराष्ट्रात तो एरवी दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे ज्या महिन्यात सर्वांत कमी दिवस काम होतं त्याच महिन्यात सर्वांत जास्त. वर्षाचे बरोबर २,५०० बसवायचे म्हणून ही तडजोड. पण दरवर्षी फेब्रुवारीचं पगारपत्रक हातात घेऊन ‘हे शंभर कसले?’ असं विचारणारा एक तरी माणूस निघतोच.

आणि तिथे टीडीएस असतो. प्राप्तिकराची रक्कम सरकार आपल्याकडे मागायला येत नाही. ती पगार होतानाच कंपनी कापून ठेवते. दर महिन्याला किती कापायची हे कसं ठरतं, याबद्दल प्रत्येक ऑफिसात किमान तीन पंथ आहेत. पहिला पंथ म्हणतो की त्या महिन्याचा पगार घ्यायचा आणि करपत्रकात शोधायचा. दुसरा म्हणतो की आपला जो सर्वांत वरचा स्लॅब, त्याच्या टक्क्याने सगळ्या पगाराला गुणायचं. तिसरा पंथ संख्येने मोठा. त्याचं म्हणणं, अकाउंट्सच्या मॅडमच्या मनात येईल तेवढा कापायचा. तिन्ही पंथ चूक आहेत. पण तिसरा सत्याच्या सर्वांत जवळ आहे, कारण मुळात हा आकडा म्हणजे कुणीतरी आपल्याबद्दल केलेला अंदाजच असतो.

अंदाजाला एक माणूस लागतो. आपण त्यांना गणपुले म्हणू आणि जगातल्या सर्व खऱ्या गणपुल्यांची आधीच माफी मागू. आपले गणपुले पुण्यात नोकरी करतात, पगार महिना १,२०,००० रुपये, वर्ष २०२५-२६, करप्रणाली नवी. नवी त्यांनी निवडलेली नाही. ‘जुनी हवी’ असं वेळेवर कळवलं नाही की नवी आपोआप लागू होते, आणि वेळेवर कळवणाऱ्यांतले गणपुले नव्हेत.

एप्रिलच्या पगारात त्यांचा टीडीएस ७,३४५ रुपये कापला गेला. गणपुले दुसऱ्या पंथाचे. ते कॅल्क्युलेटर घेऊन अकाउंट्सच्या टेबलाशी गेले.

“मॅडम, मी पंधरा टक्क्यांत आहे. एक लाख वीस हजाराचे पंधरा टक्के अठरा हजार होतात. तुम्ही सात हजारच कापलेत. नंतर वसूल करणार ना?”

“गणपुले,” मॅडम मान वर न करता म्हणाल्या, “तुमचा महिन्याचा पगार मी बघितलेलाच नाही. मी तुमचं वर्ष बघितलं.”

यात सगळं आलं. त्या वर्षी लागू असलेल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम १९२ कंपनीला सांगतं की नोकराचं वर्षाचं उत्पन्न किती होईल याचा अंदाज करा, त्यावर वर्षाचा कर काढा, आणि त्याची जी सरासरी पडेल त्या दराने प्रत्येक पगारातून कापा. म्हणजे एप्रिलमध्येच कंपनीने पुढच्या मार्चपर्यंतचे गणपुले डोळ्यांसमोर आणायचे. गणपुले मार्चपर्यंत याच नोकरीत राहतील, वेळेवर येतील आणि जिवंत असतील, एवढा विश्वास त्यांच्यावर दुसऱ्या कुणीही दाखवलेला नाही.

मॅडमनी गणित असं केलं. बारा महिन्यांचे १४,४०,००० रुपये. त्यातून पगारदारांना मिळणारी ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली, राहिले १३,६५,०००. आता हे स्लॅबमध्ये उतरवायचे. पहिल्या चार लाखांवर कर नाही. चार ते आठ लाखांवर ५ टक्के, म्हणजे २०,०००. आठ ते बारा लाखांवर १० टक्के, म्हणजे ४०,०००. आणि बारा लाखांच्या वर उरलेल्या १,६५,००० वर १५ टक्के, म्हणजे २४,७५०. बेरीज ८४,७५०. त्यावर आरोग्य आणि शिक्षणाचा ४ टक्के उपकर ३,३९०. एकूण ८८,१४०. याला बाराने भागलं की ७,३४५, पैशाचीही कसर न राहता. असा निःशेष भागाकार पाहून मॅडम क्षणभर हसल्या, असं शेजारच्या टेबलाचं म्हणणं आहे.

गणपुल्यांचा घोटाळा ‘मी पंधरा टक्क्यांत आहे’ या वाक्यात होता. माणूस स्लॅबमध्ये नसतो, त्याचे रुपये असतात. कोकणात डोंगरउतारावर भाताची खाचरं एकाखाली एक असतात. वरचं खाचर भरलं की मगच पाणी खालच्यात उतरतं, आणि खालच्यात पाणी गेलं म्हणून वरचं काही रिकामं होत नाही. पगाराचंही तसंच. गणपुल्यांचे पहिले चार लाख करमुक्त खाचरात निवांत पडून आहेत, आणि मालकाचा पगार पुढे पन्नास लाख झाला तरी ते तिथेच राहतील. पंधरा टक्क्यांच्या खाचरात त्यांचे फक्त शेवटचे १,६५,००० पोचले. सगळा कर सगळ्या पगारावर पसरला तर सरासरी जेमतेम सव्वासहा टक्क्यांच्या आत येते. पण ‘मी सहा टक्क्यांत आहे’ असं चारचौघांत सांगितलं तर वजन पडत नाही, म्हणून पगारदार माणूस नेहमी आपला सर्वांत वरचा स्लॅब सांगतो.

याच गैरसमजातून ऑफिसातली सर्वांत करुण विनंती जन्माला येते: “साहेब, मला पगारवाढ नको. मी वरच्या स्लॅबमध्ये जाईन आणि हातात कमी पडेल.” साहेब अशा माणसाकडे कृतज्ञतेने पाहतात. वास्तविक वरच्या स्लॅबचा दर फक्त वरच्या रुपयांना लागतो, म्हणजे वाढीतला काही भाग जाईल, पण हातात येणारी रक्कम घटणार नाही. हे समजावून सांगताना मात्र एक सावधगिरी घ्यावी लागते. बारा लाखांच्या किंचित वर एक अरुंद पट्टा आहे, आणि त्या पट्ट्यात हा खुळा माणूस बरोबर ठरतो.

त्याचं असं आहे. नव्या प्रणालीत करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर स्लॅबप्रमाणे ६०,००० कर निघतो खरा, पण कलम ८७अ ची सवलत तो सगळाच्या सगळा पुसून टाकते. पगारदाराला वर ७५,००० ची वजावट मिळते, म्हणून १२,७५,००० पगारावर कर शून्य. आता अशा माणसाला वर्षाला १०,००० रुपयांची वाढ मिळाली. करपात्र उत्पन्न १२,१०,००० झालं, सवलत गेली आणि स्लॅबप्रमाणे ६१,५०० कर उभा राहिला. दहा हजारांच्या वाढीवर साडेएकसष्ट हजार! हे कायद्यालाही बघवलं नाही. म्हणून एक सीमांत दिलासा ठेवला आहे: बारा लाखांच्या वर जेवढे कमावले त्यापेक्षा जास्त कर घ्यायचा नाही. म्हणजे कर १०,००० वर आला. सगळी वाढ गेली, पण निदान घरचं तरी गेलं नाही.

गेलं. कारण दिलासा देऊन झाल्यावर त्यावर ४ टक्के उपकर बसतो. १०,००० चे झाले १०,४००. दहा हजारांची वाढ घेऊन माणूस चारशे रुपयांनी गरीब झाला. वाढ ७०,००० ची असती तर ७२,८०० गेले असते, म्हणजे साहेबांनी जितकं कौतुक करावं तितका तोटा वाढत जातो. करपात्र उत्पन्न साधारण १२,७०,६०० च्या पुढे गेलं की दिलाशाचं काम संपतं, स्लॅबचं नेहमीचं गणित सुरू होतं आणि पुढच्या वाढीतले पैसे पुन्हा हातात उरू लागतात. एवढाच तो पट्टा. गणपुले त्याच्या पलीकडच्या काठावर सुखरूप उभे आहेत, त्यामुळे त्यांना पगारवाढ नाकारायला कायदेशीर कारण उरलेलं नाही.

सप्टेंबरपर्यंत सहा पगारांतून ७,३४५ प्रमाणे ४४,०७० रुपये गेले. मग ऑक्टोबरात दिवाळी आली आणि गणपुल्यांना ६०,००० बोनस मिळाला. एप्रिलच्या अंदाजात हा बोनस नव्हता. मालक बोनस देतील असा अंदाज करण्याइतकं धाडस मॅडमकडे नाही. आता वर्षाचं चित्र बदललं. साठ हजार थेट पंधरा टक्क्यांत पडले: ९,००० कर आणि ३६० उपकर. वर्षाचा कर ८८,१४० चा ९७,५०० झाला.

इथे टीडीएसचं खरं सूत्र दिसतं. ते एका ओळीत मावतं, पण कुठल्याही पंथाला ते ठाऊक नसतं: वर्षाचा नवा कर घ्या, त्यातून आजवर कापलेला वजा करा, आणि जे उरेल त्याला उरलेल्या महिन्यांनी भागा. ९७,५०० वजा ४४,०७० म्हणजे ५३,४३०. उरलेले महिने सहा. दरमहा ८,९०५. ऑक्टोबरपासून गणपुल्यांचा टीडीएस १,५६० रुपयांनी वाढला आणि तो मार्चपर्यंत वाढलेलाच राहिला. नोव्हेंबरात बोनस नव्हता, तरी ८,९०५ कापले म्हणून गणपुले पुन्हा टेबलाशी गेले.

“मॅडम, बोनस गेल्या महिन्यात होता. या महिन्यात का?”

“त्या बोनसचा कर तुम्ही हप्त्यांनी फेडताय.”

“मग एकदम का नाही कापला?”

“एकदम कापला असता तर ऑक्टोबरात तुम्ही याच खुर्चीत बसून ‘हप्त्याने का नाही’ विचारलं असतं.”

काही कंपन्या खरोखरच बोनसचे सगळे ९,३६० बोनसच्या महिन्यातच कापतात. कमी-जास्त कापलं गेलेलं त्याच वर्षात पुढेमागे सांभाळून घ्यायची मुभा कायदा देतो, त्यामुळे दोन्ही रीती चालतात. मार्चअखेर बेरीज तीच. फरक एवढाच, की पहिल्या रीतीत माणूस सहा महिने थोडा थोडा कुरकुरतो आणि दुसरीत एकदाच, पण ऐन दिवाळीत.

सूत्रातल्या ‘उरलेले महिने’ या दोन शब्दांत पगारदाराच्या बहुतेक दुःखांचं मूळ आहे. बातमी कंपनीपर्यंत जितकी उशिरा पोचते तितका भाजक लहान होतो, आणि भाजक लहान झाला की भागाकार अंगावर येतो. याचा वार्षिक उत्सव जानेवारीत होतो. तो जुन्या प्रणालीवाल्यांचा. गणपुल्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या बाई त्या पंथाच्या. एप्रिलमध्ये त्यांनी अर्जात लिहून दिलं होतं की कलम ८०क खाली दीड लाख गुंतवणार आहे. एप्रिलमध्ये माणूस काहीही गुंतवणार असतो. व्यायामही करणार असतो. मॅडमनी तो शब्द खरा धरून नऊ महिने टीडीएस कमी कापला. जानेवारीत पुरावे मागितले तेव्हा बाईंकडे फक्त इच्छा शिल्लक होती.

बाईंचा वरचा दर ३० टक्के. दीड लाखांवर ४५,००० आणि उपकर १,८००, मिळून ४६,८००. हेच एप्रिलमध्ये कळलं असतं तर महिन्याला ३,९०० पडले असते. जानेवारीत कळलं, महिने उरले तीन, आणि दरमहा १५,६०० जास्तीचे गेले. रक्कम तीच, पण बाई तीन महिने डब्यात फक्त पोळी-चटणी आणतात. त्यांनी घाबरून फेब्रुवारीत दीड लाख गुंतवले तर वजावट बुडत नाही. ३१ मार्चच्या आत केलेली गुंतवणूक जुलैत विवरणपत्रात दाखवता येते आणि जास्त कापलेला कर परत मिळतो. पण मॅडमचं पुस्तक तोवर बंद झालेलं असतं. तिथून पुढचा वाद थेट सरकारशी. नव्या प्रणालीत ८०क नाही, घरभाड्याच्या पावत्या नाहीत, म्हणून गणपुले जानेवारीत अगदी मोकळे असतात आणि बाईंच्या टेबलाशी उभे राहून चौकशी करतात. हे मात्र कुठल्याही कलमात बसत नाही.

एवढं होऊनही कंपनीचा अंदाज वर्षअखेर बहुधा जुळतो, कारण तो दर महिन्याला दुरुस्त होत असतो. तो पूर्ण कोसळतो ते माणूस वर्षाच्या मध्यावर नोकरी बदलतो तेव्हा. आणि गंमत अशी, की कोसळताना तो फार सुखद भासतो.

समजा दिवाळीच्या बोनसची वाट न पाहता गणपुल्यांनी ऑक्टोबरात दुसरी कंपनी धरली. पगार महिना १,५०,०००. नव्या कंपनीने कलम १९२ चं आज्ञापालन केलं: गणपुले आपल्याकडे सहा महिने, म्हणजे ९,००,०००, त्यातून वजावट ७५,०००, राहिले ८,२५,०००. स्लॅबप्रमाणे कर २२,५००, पण उत्पन्न बारा लाखांच्या आत, म्हणून सवलत, म्हणून शून्य. सहा महिने गणपुल्यांच्या पगारातून टीडीएसचा एक रुपया कापला गेला नाही. पगार वाढला आणि कर गायब झाला. गणपुल्यांनी याचा अर्थ असा लावला की आधीच्या मॅडम त्यांना सहा महिने लुबाडत होत्या आणि नव्या कंपनीतला माणूस हुशार आहे. त्यांनी घरी नवा सोफा घेतला.

चूक नव्या माणसाची नव्हती. त्याने फक्त आपल्या दारातून गेलेले गणपुले मोजले. आधीच्या कंपनीचे ७,२०,००० त्याला माहीतच नव्हते. खरं वर्ष असं होतं: सात लाख वीस हजार अधिक नऊ लाख, म्हणजे १६,२०,०००. वजावट एकदाच, ७५,०००. दोन कंपन्या असल्या तरी माणूस एकच, हे कायदा विसरत नाही. करपात्र १५,४५,०००. बारा लाखांपर्यंतचे ६०,००० आणि वरच्या ३,४५,००० वर १५ टक्क्यांनी ५१,७५०, उपकर ४,४७०, एकूण १,१६,२२०. जुन्या मॅडमनी कापलेले ४४,०७० वजा केले तर देणं ७२,१५०. हे गणपुल्यांना जुलैत विवरणपत्र भरताना कळलं. तोवर सोफ्यावर बसायची सवय झाली होती.

आणि ७२,१५० वर सुटका नाही. टीडीएस वजा जाता १०,००० किंवा त्याहून अधिक कर राहत असेल तर तो आगाऊ कर म्हणून वर्षातच भरायचा असतो. तो न भरल्याबद्दल एप्रिलपासून दरमहा १ टक्का व्याज, जुलैपर्यंत चार महिन्यांचे सुमारे २,९०० रुपये. आणि वर्षातले हप्ते चुकले त्याचं व्याज वेगळं. ‘मला कुणी सांगितलं नाही’ हे उत्तर विवरणपत्राच्या कुठल्याही रकान्यात भरता येत नाही.

यावरचा उपाय एका कागदाचा आहे. फॉर्म १२ब नावाचा. त्यात आधीच्या कंपनीने दिलेला पगार आणि कापलेला कर लिहून नव्या कंपनीला द्यायचा. तो ऑक्टोबरात दिला असता तर ७२,१५० ला सहाने भागून महिन्याला १२,०२५ गेले असते. तिकडेही भागाकार निःशेष जातो, पण तो पाहून हसायला तिथे मॅडम नव्हत्या. फॉर्म न देणाऱ्यांना वाटतं की नव्या कंपनीला जुना पगार कळला तर वाढीची मजा जाईल. मुलाखतीत त्यांनी जुना पगार जरा फुगवून सांगितलेला असतो हेही एक कारण असावं. मी नाव घेत नाही.

हे गणित कुणालाही घरी करता येतं. पगारपत्रकासोबत कंपनी बहुधा वर्षाच्या कराचा एक तक्ता देते; त्यात वर्षाचं धरलेलं उत्पन्न आपल्या खऱ्या वर्षाशी जुळतं का एवढं पाहायचं. नोकरी बदललेल्याने त्यात आधीच्या पगाराची ओळ शोधायची. ती ओळ नसेल आणि पगार वाढूनही टीडीएस शून्यावर आला असेल, तर आनंद आवरून ठेवायचा. उलट बाजूने, वर्षभर जास्त कापला गेला तर जुलैनंतर परतावा येतो. मग माणूस तो सरकारने दिलेला बोनस असल्यासारखा पेढे वाटतो. वास्तविक ते त्याचेच पैसे फिरून आलेले असतात. त्यावर सरकार व्याज देतं ते दरमहा अर्धा टक्का, आणि परतावा एकूण कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर तेही नाही. आपला अंदाज कमी पडला तर दंड एक टक्क्याने, सरकारकडे जास्त गेला तर बक्षीस अर्ध्या टक्क्याने. गणपुल्यांनी हे दोन दर शेजारी शेजारी लिहून पाहिले आणि विचारलं की उरलेला अर्धा टक्का कुठे जातो. नव्या कंपनीतल्या हुशार माणसाने उत्तर न देता फॉर्म १२ब चा कोरा कागद त्यांच्यासमोर सरकवला. तो पुढच्या नोकरीसाठी होता.